सहा तारखेला खात्यात किती आहेत?

पगार सात तारखेला झाला, वीस तारखेपर्यंत संपला आणि मधल्या तेरा दिवसांत नक्की काय झालं, ते बँकेचे चाळीस मेसेज वाचूनही कळत नाही. ओळखीचं वाटतंय ना? मग ‘दोन खाती ठेव, एकात बिलांचे पैसे आणि दुसऱ्यात खर्चाचे’ हा सल्लाही तुम्हाला कुणीतरी दिलेला असणारच. सल्ला काही नवा नाही. आपल्या आज्या हेच डब्यांवर भागवायच्या. दुधाचे पैसे डाळीच्या डब्यात, भिशीचे साडीच्या घडीत. फरक इतकाच, की डाळीच्या डब्यात हात घालायला उठावं लागायचं, स्टूल घ्यावं लागायचं. आपल्याला एका खात्यातून दुसऱ्यात पैसे टाकायला दहा सेकंद लागतात, तेही मित्राशी बोलता बोलता.

त्यामुळे दुसरं खातं उघडलं म्हणजे काम झालं, असं होत नाही. दोन्हींतले पैसे पंधरा दिवसांत पुन्हा एकमेकांत मिसळतात. खरं काम आहे ते त्या दोन खात्यांमधल्या रस्त्यावर: किती पैसे गेले, किती परत आले, का आले. आज तेवढंच बघू.

त्यासाठी अवसरी खुर्दला चला. मंचरजवळच्या या गावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि त्यामुळे गावात भाड्याच्या खोल्या, मेस, झेरॉक्स असं सगळं पोरांच्या हिशेबाने चालतं. पुणे-नाशिक रस्त्याने खाली गेलं की चाकणच्या कंपन्या. डिप्लोमा झाला, चाकणला ट्रेनी म्हणून लागला, पण खोली सोडली नाही, असा एक मुलगा डोळ्यांसमोर ठेवू. नाव नको, ‘तो’ म्हणू. हातात पगार १८,०००, दर महिन्याच्या ७ तारखेला. तिघांत एक खोली. फाट्यापर्यंत बाईक, पुढे कंपनीची बस. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

पहिला प्रश्न: दोनपैकी कोणतं खातं कशासाठी? बरेच जण पगाराचं खातं खर्चाला वापरतात आणि बिलांसाठी नवीन उघडतात. माझ्या मते हे उलटं आहे. पगार जिथे येतो तेच बिलांचं खातं ठेवावं आणि खर्चासाठी नवं उघडावं. कारण साधं आहे. महिन्यातून एकदा पैसे वळवायचे विसरलात, तर काय अडेल? पगाराचं खातं खर्चाचं असेल तर बिलांच्या खात्यात काहीच जाणार नाही आणि गाडीचा हप्ता बाउन्स होईल. पगाराचं खातं बिलांचं असेल तर फार तर तुमचा चहा अडेल. विसरण्याची शिक्षा चहाला व्हावी, हप्त्याला नको.

आता त्याची बिलं. खोलीभाड्याचा त्याचा वाटा २,०००, दर ५ तारखेला घरमालक काकूंना. बाईकचा हप्ता २,९००, तोही ५ तारखेला, आपोआप वळता होणारा. घरी पाठवायचे ३,०००, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मेसचे ३,०००, दहा तारखेला. लाइट बिलाचा वाटा साधारण ३००. इथपर्यंत कुणीही सांगेल. बेरीज ११,२००.

गडबड होते ती दर महिन्याला न येणाऱ्या बिलांची. मोबाइलचा रिचार्ज तो ८४ दिवसांचा मारतो, समजा ८४० रुपयांचा. म्हणजे दिवसाला १० रुपये, वर्षाला ३,६५०, महिन्याला ३०५ च्या आसपास. बाईकचा विमा वर्षाला १,८००. सर्व्हिसिंग वर्षातून दोनदा, प्रत्येकी १,५००. विमा आणि सर्व्हिसिंग मिळून ४,८००, म्हणजे महिन्याला ४००. हे धरले की बेरीज ११,९०५ होते. वर थोडी ढील ठेवून १२,०००. म्हणजे पगाराच्या खात्यात १२,००० राहणार आणि ६,००० खर्चाच्या खात्यात जाणार. पेट्रोल, चहा, वडापाव, कपडे, पिक्चर, सगळं त्या सहा हजारांत. दिवसाला २०० झाले.

हे ६,००० एकदम टाकायचे की आठवड्याला? एकदम टाकले तर नोंद एकच, पण पहिल्या आठवड्यात माणूस राजा असतो. दर रविवारी १,४०० टाकले तर हात आवरतो, पण नोंदी वाढतात. आमचा मुलगा एकदम टाकतो, आठ तारखेला. तेच धरून पुढे जाऊ.

आता बिलांच्या खात्यात महिनाभर काय दिसतं ते बघा. ७ जूनला शून्यावरून सुरुवात केली असं समजू. १८,००० आले. आठला ६,००० खर्चाच्या खात्यात गेले आणि ३,००० घरी. उरले ९,०००. दहाला मेसचे ३,००० गेले, ६,००० राहिले. पंधराच्या सुमारास लाइट बिलाचे ३०० गेले की ५,७००. आणि मग पुढे तब्बल वीस दिवस काहीच होत नाही. खातं उघडावं तेव्हा ५,७०० दिसतात. खर्चाच्या खात्यात २२ तारखेला १८० रुपये उरलेले असतात आणि शेजारच्या खात्यात हे ५,७०० निवांत पडलेले दिसतात. ते निवांत नाहीत. त्यांतले ४,९०० पाच जुलैच्या हप्त्याचे आणि भाड्याचे आहेत. ते गेल्यावर ६ जुलैला खात्यात ८०० उरतात.

हे ८०० लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत याच आकड्यात आहे. ते आलेत कुठून? रिचार्जचे ३०५, विमा-सर्व्हिसिंगचे ४०० आणि ढील ९५. म्हणजे पुढच्या बिलांसाठी साठत चाललेले पैसे. सहा तारीख ही अशी तारीख आहे, की या महिन्याची सगळी बिलं गेलेली असतात आणि नवा पगार अजून आलेला नसतो. खातं सगळ्यात रिकामं असतं. त्या दिवशीचा आकडा दर महिन्याला ८०० ने वाढला पाहिजे: जुलैला ८००, ऑगस्टला १,६००, सप्टेंबरला २,४००. मध्ये रिचार्ज मारला असेल तर त्यातून ८४० वजा. तुमची ‘सहा तारीख’ वेगळी असेल. पगाराच्या आदल्या दिवशीची तारीख घ्या, काम झालं. रोज बॅलन्स बघण्याची गरज नाही, महिन्यातून हा एक दिवस पुरे.

समजा ६ जुलैला त्याने बघितलं आणि खात्यात ८०० च्या जागी शून्य निघाले. हप्ता व्यवस्थित गेलाय, भाडं गेलंय, मेसवाल्या मावशींची तक्रार नाही. बाहेरून सगळं छान. आकडा माहीत नसता तर त्याला काही झालंय हेच कळलं नसतं. ऑगस्टच्या शेवटी रिचार्ज संपल्यावर कळलं असतं, आणि तोपर्यंत जूनमध्ये काय झालं हे कुणाला आठवतंय?

मग ८०० गेले कुठे? इथे वही लागते. वही म्हणजे अगदी साधी. दोन खात्यांमध्ये पैसे हलले, की एक ओळ: तारीख, कुठून कुठे, किती, कशासाठी. रोजचा वडापाव लिहायचा नाही. तो लिहायला लागलात की चौथ्या दिवशी वही बंद पडते, हे आपल्याला माहीत आहे. फक्त दोन खात्यांमधली ये-जा. महिन्याला चार-पाच ओळींच्या वर जात नाही. फोनमधल्या नोट्समध्ये ठेवलीत तरी चालेल.

त्याच्या जूनच्या ओळी अशा होत्या. ८ जून, बिलांकडून खर्चाकडे, ६,०००, ठरलेले. २१ जून, बिलांकडून खर्चाकडे, ५००, हळदीला जायचं होतं. २९ जून, खर्चाकडून बिलांकडे, ३००, परत. म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त गेलेले ५००, परत आलेले ३००, फरक २००. हे २०० सापडले. उरलेले ६००?

ते वहीत सापडणार नाहीत, कारण ते दोन खात्यांमध्ये हललेच नाहीत. म्हणून आता पासबुक. बिलांच्या खात्यातून गेलेली प्रत्येक रक्कम आपल्या बिलांच्या यादीशी ताडून बघायची. मेस ३,०००, बरोबर. घर ३,०००, बरोबर. महावितरण ९००. इथे थांबा, त्याचा वाटा तर ३०० आहे. खोलीचं पूर्ण बिल त्याने भरलं, आणि दोघा रूममेट्सनी प्रत्येकी ३०० त्याला त्याच दिवशी पाठवले. मुलं प्रामाणिक आहेत, पैसे आलेत. पण आले कुठे? त्याच्या फोन नंबरवर यूपीआय केलं, आणि त्या नंबरला जोडलेलं पहिलं खातं आहे खर्चाचं. तिथे सहाशे पडले आणि चहा-पेट्रोलमध्ये विरघळले. त्याला वाटलं, या महिन्यात जरा बरं चाललंय.

खोलीवर राहणाऱ्यांचा हा सगळ्यात मोठा गळका नळ आहे. गॅस सिलिंडर, वायफाय, पाण्याचा जार, कुणीतरी एक जण भरतो आणि बाकीचे त्याला पाठवतात. बिल एका खात्यातून जातं, भरपाई दुसऱ्यात येते. यावर उपाय दोन. एक तर रूममेट्सना बिलांच्या खात्याचा वेगळा यूपीआय आयडी किंवा क्यूआर द्यायचा. बहुतेक ॲपमध्ये पैसे कोणत्या खात्यात यावेत हे निवडता येतं. किंवा मग खर्चाच्या खात्यात आलेले सहाशे त्याच संध्याकाळी बिलांच्या खात्यात टाकायचे आणि ओळ लिहायची: १५ जून, खर्चाकडून बिलांकडे, ६००, लाइटचे. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात कुणी पैसे दिले नाहीत तेही लगेच दिसतं.

वही ठेवताना एक चूक हमखास होते. आठ तारखेला ६,००० वळवले, की बिलांच्या बँकेचा मेसेज येतो ‘६,००० डेबिट’, आणि खर्चाच्या बँकेचा येतो ‘६,००० क्रेडिट’. मेसेज वाचून हिशेब मांडणारी जी ॲप असतात, त्यांतली काही हे दोन्ही मोजतात. मग त्यांच्या मते तुमचं उत्पन्न २४,००० होतं आणि खर्चही सहा हजारांनी फुगतो. कॉमर्सवाल्यांनी टॅलीमध्ये कॉन्ट्रा एंट्री केलेली असेल. ती नेमकी यासाठीच असते. आपल्याच एका खात्यातून आपल्याच दुसऱ्या खात्यात पैसे गेले तर ते ना उत्पन्न, ना खर्च. खिसा बदलला, बस्स. ॲप वापरत असाल तर अशा नोंदीला ‘ट्रान्सफर’ किंवा ‘सेल्फ ट्रान्सफर’ असा प्रकार देता येतो का बघा. येत नसेल तर ते ॲप या कामाचं नाही.

वहीतल्या प्रत्येक ओळीला दोन टोकं असली पाहिजेत: एका पासबुकात नावे, दुसऱ्यात जमा, रक्कम तीच. यूपीआयने केलेल्या व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, त्यावरून दोन्हीकडच्या नोंदी जुळवता येतात. आणि एक टोक सापडलंच नाही तर? म्हणजे इकडून कापले गेले, तिकडे पोचले नाहीत. असं होतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत, त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. पण पैसे अडकलेत हे तुम्हाला कळलं तर ना! शंभर मेसेजमध्ये ते हरवतं, पाच ओळींच्या वहीत हरवत नाही.

आता एक खड्डा, जो सगळं नीट करणाऱ्यालाही लागतो. समजा आपल्या मुलाने जून, जुलै, ऑगस्ट अगदी शिस्तीत काढले. एक रुपया इकडचा तिकडे नाही. ऑगस्टच्या शेवटी रिचार्जचे ८४० गेले. बाईकचा विमा आला ३ सप्टेंबरला. त्या दिवशी खात्यात होते ६,४६०. विम्याचे १,८०० सहज गेले, उरले ४,६६०. पाचला सकाळी हप्त्याचे २,९०० गेले, उरले १,७६०. दुपारी काकूंना भाडं द्यायला गेला, तर २,००० कुठेत? २४० कमी.

गंमत बघा, विमा भरताना काहीच अडलं नाही. अडलं दोन दिवसांनी, भाड्यावर. म्हणून दोष भाड्यावर जातो. खरं कारण असं, की विम्याचे पैसे महिन्याला १५० प्रमाणे बारा महिने साठायला हवेत, आणि विमा आला तिसऱ्याच महिन्यात. बाराने भागणं पहिल्या वर्षी फसतं. पहिल्या वर्षापुरता भागाकार वेगळा करायचा: बिल यायला जेवढे महिने उरलेत तेवढ्याने. १,८०० भागिले ३, म्हणजे महिन्याला ६००. त्याने सुरुवातीचे तीन महिने खर्चाला ६,००० ऐवजी ५,५५० घेतले असते तर भाडं अडलं नसतं. विमा भरून झाला की पुन्हा बाराने भागा.

आणि चुकून हप्ताच अडला तर? भाड्याचं काकूंना सांगता येतं, ‘काकू, परवा देतो.’ हप्त्याचं कुणाला सांगणार? हप्ता बाउन्स झाला की बँक एक दंड लावते, कर्ज देणारी कंपनी दुसरा लावते, आणि उशीर क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतो तो वेगळाच. ‘पाच तारखेला रविवार आहे, सोमवारी कापतील’ हा जुना हिशेबही आता धरू नका. हप्ते वळते करणारी नाच ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि सुट्टीलाही चालू असते. पैसे चार तारखेच्या संध्याकाळीच खात्यात हवेत.

फोनवर एक सेटिंग आजच बघून ठेवा. टपरीवर क्यूआर स्कॅन केला की कोणत्या खात्यातून पैसे जातात? तिथे खर्चाचंच खातं हवं. शक्य असेल तर रोजच्या ॲपमधून बिलांचं खातं काढूनच टाका आणि बिलांसाठी बँकेचं स्वतःचं ॲप वापरा. खर्चाचं खातं संपलं आणि यादीत खालीच दुसरं दिसलं, की बोट तिकडे जातं. यूपीआय लाइट वापरत असाल तर तो तिसरा खिसा समजा. त्यात पैसे भरल्याची एक ओळ पासबुकात दिसते, पुढचे वीस चहा दिसत नाहीत. तो भरायचा खर्चाच्या खात्यातूनच.

शेवटी दुसरं खातं उघडण्याबद्दल, कारण इथे पैसे जाण्यापेक्षा मोठा घोळ होऊ शकतो. किमान शिल्लक ठेवावी लागणार नाही असं खातं हवं असेल तर बँकेत बेसिक बचत खातं मागा. पण त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असेल तर ते मिळत नाही, दुसरी बँक बघावी लागते. पोस्टाचं बचत खातंही चालतं, तिथे ५०० रुपये शिल्लक ठेवावी लागते. पगाराचं खातं झिरो बॅलन्स असतं, पण नोकरी सुटून काही महिने पगार जमा झाला नाही की ते साधं बचत खातं होतं आणि किमान शिल्लक लागू होते. नोकरी बदलताना हे विचारून घ्या.

आणि जे अजून शिकताहेत, म्हणजे अवसरीतले निम्मे वाचक, त्यांनी खातं उघडताना फॉर्मवरची एक चौकट वाचल्याशिवाय टिक करू नये. ‘सरकारी अनुदान या खात्यात मिळण्यासाठी आधार जोडण्यास संमती’ अशा अर्थाची ती असते. महाडीबीटीची शिष्यवृत्ती खाते क्रमांकावर येत नाही, आधारला जोडलेल्या खात्यात येते, आणि अशी जोडणी एका वेळी एकाच खात्याला असते. सगळ्यात शेवटी जिथे जोडली तिथे पैसे जातात. चहापाण्यासाठी उघडलेल्या खात्यात ती चौकट टिक झाली, की पुढचा शिष्यवृत्तीचा हप्ता तिथे येऊन पडणार, आणि तुम्ही जुन्या खात्याचं पासबुक भरून आणत बसणार. जोडणी कुठे आहे हे myAadhaar वर लॉगिन करून Bank Seeding Status मध्ये बँकेच्या नावासकट दिसतं. नवीन खातं उघडल्यावर आठवड्याभराने एकदा बघा. नाव बदललेलं दिसलं तर जुन्या बँकेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म पुन्हा भरायचा, आणि तो शिष्यवृत्ती जमा होण्याआधी भरायचा.